संस्थेच्या पुरवठादार यादीसाठी पात्रतेच्या अटी आणि अर्जाचा नमुना (सांगली)

भांडार_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका विनाअनुदानित विज्ञान महाविद्यालयाचं भांडार माझ्याकडे आहे. पुरवठादारांची यादी यंदा पहिल्यांदाच रीतसर करायची ठरलीय. पेपरात जाहिरात देऊन अर्ज मागवायचे, छाननी करायची आणि पात्र ठरतील त्यांना दोन वर्षं यादीत ठेवायचं. गट चार आहेत: प्रयोगशाळेची रसायनं आणि काचसामान, स्टेशनरी आणि छपाई, विजेचं सामान, आणि दुरुस्तीची कामं (पंप, पंखे, एसी).

एका मोठ्या सरकारी संस्थेची जुनी जाहिरात समोर ठेवून कच्चा मसुदा केलाय. त्यातल्या अटी अशा. तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान ५० लाख, आणि पुरावा म्हणून तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. जीएसटी, पॅन, उद्यम आणि चालू मुदतीचं शॉप अ‍ॅक्ट लायसन. पाच सरकारी संस्थांना पुरवठा केल्याचे दाखले. आयएसओ. १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र. नोंदणी शुल्क २,००० रुपये, परत न मिळणारं.

रसायनांच्या गटात वर्षाला साधारण ६ लाखांची खरेदी होते. सर्वांत मोठी ऑर्डर जूनमध्ये, १ लाख ९० हजारांच्या आसपास. आत्तापर्यंत त्याच त्या तीन दुकानांची कोटेशनं येत होती. व्यवस्थापनाला त्यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटतं, म्हणून हा खटाटोप. मसुदा कसा वाटतो ते सांगा.

फाइलवाला_काका

मसुदा बाजूला ठेवा आणि खरेदीची नोंदवही काढा. रसायनांच्या गटात गेल्या दोन वर्षांत ज्यांनी माल वेळेवर आणि बरोबर दिला त्यांची नावं एका कागदावर लिहा. मग एकेका नावावर तुमच्या अटी लावत जा. किती जण शिल्लक राहतात ते मोजा.

सांगली-मिरजेत प्रयोगशाळेचं सामान विकणारे मोजकेच, बाकी कोल्हापूर आणि पुण्याहून येणारे. ५० लाख, लेखापरीक्षित ताळेबंद, आयएसओ आणि पाच सरकारी दाखले ही चाळण लावली तर खाली दोनच दगड उरतील, आणि ते बहुधा पुण्याचे असतील. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये मर्यादित निविदेसाठी तीनपेक्षा जास्त पुरवठादारांना विचारा असं आहे. तुमची संस्था खासगी, त्यामुळे हा नियम तुम्हाला थेट लागू नाही. (केंद्राच्या प्रकल्पाचा पैसा आला की मात्र त्या पैशापुरता त्यांचा नियम पाळावा लागतो.) तरी हिशेब सोपा आहे. यादीत चारपेक्षा कमी नावं आली तर तुमची तीन कोटेशनंही धड येणार नाहीत, कारण एखादा तरी गप्प बसतोच.

अट लिहिताना प्रत्येकीपुढे विचारायचं की ही नसेल तर आपलं नेमकं काय बिघडेल. आयएसओ नसलेल्या दुकानदारानं सीलबंद बाटली आणून दिली तर काही बिघडत नाही. अट काढा.

कुपवाड_एमआयडीसी

काका, उलाढालीचं सूत्र ठरलेलं आहे की. केंद्रीय दक्षता आयोगाचं परिपत्रक आहे, २००२ चं. तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के. अनुभव म्हणजे ४० टक्के किमतीची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. तेच टाकून द्या, ऑडिटमध्ये कुणी बोट दाखवणार नाही. आणि उद्यम असेल त्याला अनामत, शुल्क, उलाढाल सगळं माफ असतं.

फाइलवाला_काका

परिपत्रक खरं आहे, पण ते कामांच्या निविदांसाठी आहे. इमारत, रस्ता, पाण्याची टाकी. तिथे एका कामाचा अंदाजित खर्च ठरलेला असतो म्हणून टक्केवारी लावता येते. यादी करताना अंदाजित खर्च कुठला धरणार? वर्षाचे ६ लाख? त्याचे ३० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार उलाढाल. एवढी तर गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याची असते. उलट चारही गटांची मिळून खरेदी धरली तर आकडा उगाच फुगतो. सूत्र चुकीच्या जागी लावलं की असं दोन्हीकडून वाकतं.

माझा हिशेब वेगळा आहे. पुरवठादार तुमच्या सर्वांत मोठ्या ऑर्डरचा बोजा पेलू शकतो का, एवढंच उलाढालीवरून बघायचं. १ लाख ९० हजारांचा माल तो आधी स्वतःच्या पैशानं उचलणार, तुम्हाला देणार आणि तुमचं बिल निघेपर्यंत थांबणार. तुमच्याकडे बिल निघायला किती दिवस लागतात? ४५ धरू. तेवढे दिवस जवळजवळ दोन लाख अडकले तरी ज्याचं दुकान चालू राहील, त्याची उलाढाल वर्षाला दहा-बारा लाख तरी हवी. म्हणून रसायनांसाठी सरासरी १० लाख पुरेत. स्टेशनरीला सर्वांत मोठी ऑर्डर ६० हजारांची असेल तर ३ लाख. दुरुस्तीला उलाढालीची अटच नको. तिथे माणूस किती वेळात हजर होतो हे महत्त्वाचं.

सनदी_लेखा

दोन गोष्टी जोडतो.

पहिली, लेखापरीक्षित ताळेबंदाची. छोटा दुकानदार अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरतो, जुन्या कायद्यातलं ४४ एडी. त्याला लेखापरीक्षण करून घ्यायची सक्तीच नसते, त्यामुळे असा ताळेबंद त्याच्याकडे नसतोच. तुम्ही तो मागितला की एक तर तो अर्ज करत नाही, नाही तर कुणाकडून तरी कागद 'तयार' करून आणतो. त्यापेक्षा तीन वर्षांच्या विवरणपत्रांच्या पोचपावत्या आणि सीएचा उलाढालीचा दाखला मागा. दाखल्यावर १८ अंकी-अक्षरी यूडीआयएन हवाच, २०१९ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक दाखल्याला तो सक्तीचा आहे. तो क्रमांक udin.icai.org वर टाकला की दाखला खरा की घरगुती ते मिनिटात कळतं. नुसता शिक्का बघून फाइल पुढे सरकवू नका.

दुसरी, उद्यमची. कुपवाडकरांचं निम्मं बरोबर. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना अनामत रकमेची सवलत आहे ती केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणातली, केंद्रीय मंत्रालयं, विभाग आणि सार्वजनिक उपक्रमांसाठी. खासगी न्यासावर ती बंधनकारक नाही. शिवाय व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी परत मिळाली खरी, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. प्रमाणपत्रावर मुख्य व्यवसाय 'ट्रेडिंग' असेल तर खरेदी धोरणाचा लाभ नाही. तुमच्या रसायनांच्या गटात जवळपास सगळे व्यापारीच येणार. म्हणून उद्यम 'असल्यास जोडावे' एवढंच लिहा, अट करू नका.

तासगावकर

आमचा पण तोच प्रश्न आहे. जेम पोर्टलवर नोंदणीला किती दिवस लागतात? आधार लिंक होत नाहीये, ओटीपी येतो पण पुढे सरकत नाही.

फाइलवाला_काका

तासगावकर, ते वेगळं. जेम हा सरकारी खरेदीचा बाजार आहे. इथे एका खासगी संस्थेच्या स्वतःच्या यादीबद्दल चाललंय. जेमवर नाव असलं म्हणून इथल्या यादीत येत नाही, आणि इथे आलं म्हणून तिथे जात नाही. नवा धागा काढा, तिथे बोलू.

गणपती_पेठ

मी पुरवठादाराच्या बाजूनं विचारतो. आमचं दुकान आधी गणपती पेठेत होतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माल ठेवायची जागा विश्रामबागला नेली, आता विक्रीही तिथूनच चालते. जीएसटीवर मात्र अजून पेठेचाच पत्ता आहे. अर्जात कुठला लिहायचा? आणि शॉप अ‍ॅक्टचं 'चालू मुदतीचं लायसन' आमच्याकडे नाही, एक पावती आहे फक्त, तिच्यावर मुदतच नाही. मागे एका संस्थेनं एवढ्यावरून अर्ज बाद केला. आम्ही चार माणसं दुकानात, काय वो करायचं?

सनदी_लेखा

पावतीचं आधी सांगतो, कारण ही चूक जाहिरात काढणाऱ्यांची असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात, २०२५ च्या दुरुस्तीपासून, वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही. त्यानं ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती घ्यायची. त्या पावतीला मुदत नाही, नूतनीकरण नाही. म्हणजे 'चालू मुदतीचं लायसन' ही अट छोटा दुकानदार कितीही प्रामाणिक असला तरी पुरीच करू शकत नाही. जाहिरातीत 'नोंदणी प्रमाणपत्र किंवा सूचनेची पावती, यांपैकी जे लागू असेल ते' असं लिहा.

पत्त्याचं मात्र तुम्हीच दुरुस्त करा, राव. व्यवसायाचं मुख्य ठिकाण बदललं की १५ दिवसांत आरईजी-१४ हा जीएसटी नोंदणीतल्या दुरुस्तीचा अर्ज भरायचा असतो. तो भरल्यावर अधिकारी मंजुरी देतो, आपोआप होत नाही. विश्रामबागची जागा निदान 'अतिरिक्त ठिकाण' म्हणून तरी आरईजी-०६ च्या, म्हणजे जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राच्या, जोडपत्रात यायला हवी. अर्जात विश्रामबाग लिहाल, बिलावर पेठ छापाल आणि माल तिसरीकडूनच निघेल, तर छाननी करणाऱ्याला शंका येणारच. दुरुस्ती अजून मंजूर झाली नसेल तर अर्ज केल्याची पोच जोडा आणि अर्जात दोन्ही पत्ते स्पष्ट लिहा.

रसायनशाळा

तुम्ही सगळे कागदांवर चाललात. माझ्या टेबलावर येतं ते वेगळंच असतं. मागणी एआर म्हणजे जास्त शुद्ध दर्जाची, बाटली येते एलआर म्हणजे साध्या दर्जाची. किंवा बाटली बरोबर असते पण मुदत तीन महिन्यांत संपणार असते. यादीच्या अटींतच लिहा की माल पोचताना निम्म्याहून जास्त मुदत शिल्लक हवी, प्रत्येक बाटलीच्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र हवं, आणि तुटलेलं काचसामान सात दिवसांत बदलून द्यायचं.

फाइलवाला_काका

हे सगळं बरोबर आहे, पण जागा चुकली. ह्या ऑर्डरच्या अटी आहेत, पात्रतेच्या नव्हेत. पात्रता म्हणजे अर्जाच्या दिवशी कागदावरून किंवा दुकानात जाऊन तपासता येतं ते. अजून न आलेल्या बाटलीची मुदत अर्जाच्या दिवशी कशी तपासणार? तपासता न येणारी अट पात्रतेत घातली की छाननी समिती तिच्यापुढे डोळे मिटून 'होय' लिहिते, आणि उद्या कुणी माहिती मागितली तर त्या 'होय'ला आधार नसतो. अर्जात एक ओळ ठेवा की पुरवठ्याच्या सर्वसाधारण अटी वाचल्या आणि मान्य आहेत. त्या अटी जोडपत्रात द्या. बाटलीची मुदत, बॅच, तुटफूट सगळं तिथे. मोडल्या तर यादीतून काढायचा हक्क तिथूनच मिळतो.

तुमच्या गटात पात्रतेत एकच खास अट हवी. उत्पादक कंपनीचं अधिकृत विक्रेता असल्याचं पत्र, किंवा ज्या विक्रेत्याकडून माल घेतो त्याचं पत्र.

रसायनशाळा

मान्य. पण ते पत्र बहुतेकांचं ३१ मार्चला संपतं. तुमची यादी दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षी ज्याची एजन्सी गेलेली असते तोही कोटेशन देतो आणि माल कुठून तरी आणतो. असली बाटली कुठली ते कळत नाही.

आणि अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल, रेक्टिफाइड स्पिरिट ह्या गटात मुळीच धरू नका. त्याला राज्य उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, विकणाऱ्यालाही आणि आम्हालाही. सर्वसाधारण यादीतल्या दुकानदाराला ऑर्डर दिली तर तो 'करतो व्यवस्था' म्हणतो, आणि ती व्यवस्था काय असते ते न विचारलेलं बरं.

फाइलवाला_काका

दर एप्रिलमध्ये १५ तारखेपर्यंत नवं पत्र द्यायचं, दिलं नाही तर नाव त्या ब्रँडपुरतं थांबवायचं, असं लिहा. यादीतून काढायचं नाही, थांबवायचं. पत्र आलं की परत चालू. काढलं की पुन्हा अर्ज, पुन्हा समिती, उगाच फाइल फुगते. स्पिरिट वेगळं काढा हे अगदी बरोबर.

भांडार_विश्रामबाग

मसुद्यातल्या अर्ध्या अटी गेल्या, बरंच झालं म्हणायचं. आता दोन प्रश्न. जीएसटी सर्वांना सक्तीचं ठेवू ना? आणि अर्जाचा नमुना कसा असावा?

सनदी_लेखा

जीएसटी गटागटानं ठरवा. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. काकांनी उलाढाल १० लाख धरली. वर जीएसटी सक्तीचं केलंत तर दहा ते चाळीसमधला नोंदणी नसलेला दुकानदार एका अटीत बसतो आणि दुसरीत बाद होतो. रसायनांत फारसा फरक पडणार नाही, तिथे बाहेरच्या राज्यातून माल आणणारे बहुतेक नोंदलेलेच असतात. पंप रिवाइंडिंग करणारा, पंखे दुरुस्त करणारा यांच्याकडे मात्र नसणारच. तिथे पॅन आणि 'नोंदणीची मर्यादा ओलांडलेली नाही' एवढं स्वयंघोषणापत्र घ्या.

कंपोझिशनवाला, म्हणजे एकूण उलाढालीवर ठरावीक दरानं जीएसटी भरणारा छोटा दुकानदार, आला तर तो बिलात कर दाखवू शकत नाही, कर बीजक न देता पुरवठा बिल देतो. त्याला बाद करू नका. तुमच्या संस्थेला भरलेल्या कराचा परतावा बहुधा मिळतच नाही, तेव्हा दरांची तुलना करासकट हातात पडणाऱ्या रकमेवर करा. करापूर्वीच्या दरावर तक्ता केलात तर कंपोझिशनवाला उगाच महाग दिसतो.

तपासताना जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून स्थिती बघा. 'सस्पेंडेड' असेल तर तो सध्या करपात्र माल विकूच शकत नाही. तिथेच विवरणपत्रांचा तक्ता दिसतो. त्यात फक्त जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च दिसले तर घाबरू नका, त्यानं तिमाही योजना घेतलेली असते. मधले महिने 'भरलेच नाहीत' असा शेरा मारून अर्ज बाद केलेले पाहिलेत, म्हणून सांगतो.

फाइलवाला_काका

नमुना देतो. दोन पानांच्या पुढे जाऊ देऊ नका. जास्त रकाने दिले की लोक 'सोबत जोडले आहे' लिहून मोकळे होतात.

भाग १, व्यवसायाची ओळख. बिलावर छापलेलं नाव आणि पॅनवरचं नाव असे दोन वेगळे रकाने. प्रकार: एकल मालकी, भागीदारी, एलएलपी, कंपनी. मालक किंवा सर्व भागीदारांची नावं. विक्रीचा पत्ता आणि गोदामाचा पत्ता वेगवेगळे. एकच मोबाइल, एकच ईमेल, ज्यावर चौकशी पाठवली की पोचली असं धरलं जाईल. हे वाक्य छापाच, नाही तर 'आम्हाला मेल मिळालाच नाही' ऐकत बसाल.

भाग २, कोणत्या गटासाठी. एका अर्जात कितीही गट चालतील, पण प्रत्येक गटापुढे त्याच गटाचा पुरावा कोणत्या पानावर आहे ते लिहायचं. छपाईवाला विजेच्या गटालाही खूण करतो, सवय असते.

भाग ३, आकडे. पॅन, जीएसटी, असल्यास उद्यम, तीन वर्षांची उलाढाल, सीएच्या दाखल्याचा यूडीआयएन, बँक खातं, आयएफएससी. सोबत रद्द केलेला धनादेश. एकल मालकीत खातं कधी मालकाच्या नावावर, कधी दुकानाच्या. दोन्ही चालेल, पण बिलावरच्या नावाचा खात्याशी संबंध दाखवणारा एक तरी कागद हवा. नाही तर पहिलंच एनईएफटी अडकतं.

भाग ४, अनुभव. गेल्या तीन वर्षांतली तीन बिलं किंवा खरेदी आदेश, त्याच गटातले, कुठल्याही संस्थेचे. सरकारी असलेच पाहिजेत असं नाही. बिलासोबत पैसे जमा झाल्याची बँकेतली नोंद हवी. नुसतं बिल कुणीही छापतो.

भाग ५, स्वयंघोषणा. काळ्या यादीत नाही, माहिती खरी आहे, पुरवठ्याच्या अटी मान्य आहेत. आणि सर्वांत कामाची ओळ: 'या यादीसाठी अर्ज करणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात माझा किंवा माझ्या कुटुंबीयांचा हिस्सा आहे/नाही, असल्यास नाव.' हे लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पुरे. स्टॅम्पपेपर नको. १०० रुपयांचा मागितलात तर दुकानदार वणवण फिरेल, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात प्रतिज्ञापत्राला ५०० चा लागतो.

खाली ठळक अक्षरात: यादीत नाव येणं म्हणजे ऑर्डरची हमी नाही.

भांडार_विश्रामबाग

कुटुंबीयांच्या ओळीनं विषयाला हात घातलात. आमच्या त्या जुन्या तीन दुकानांबद्दल हीच शंका आहे. घोषणापत्रात कोण खरं लिहिणार? ओळखायचं कसं?

सनदी_लेखा

सगळे अर्ज एका तक्त्यात भरा. बी रकान्यात जीएसटी क्रमांक, सीमध्ये पॅन, डीमध्ये मोबाइल, ईमध्ये बँक खातं. सगळे रकाने आधी 'मजकूर' स्वरूपाचे करा, मगच भरा. तसं नाही केलंत तर खात्याच्या सुरुवातीची शून्यं उडतात.

जीएसटी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. पॅनचं चौथं अक्षर व्यक्तीला P, भागीदारीला F, कंपनीला C. म्हणून 27AAAFA0000A1Z0 अशा क्रमांकात सहावं अक्षर F आहे, ही भागीदारी. अर्जात 'एकल मालकी' लिहिलं असेल तर कुठेतरी चूक आहे. सूत्रांचे रकाने मजकूर स्वरूपाचे ठेवू नका:

```
=MID(B2,3,10)=C2
=MID(B2,6,1)
=SUMPRODUCT(--(D$2:D$200=D2))>1
```

पहिलं सूत्र पॅन जुळतो का ते सांगतं, दुसरं व्यवसायाचा प्रकार, तिसरं तोच मोबाइल दुसऱ्या अर्जात आहे का. खात्यासाठी तिसऱ्यात डीच्या जागी ई. इथे COUNTIF वापरू नका. ते मजकुरातल्या आकड्यांनाही संख्या समजतं आणि पंधरा अंकांपुढचं विसरतं, मग १६ अंकी दोन वेगळी खाती सारखी दाखवतं. उगाच कुणावर तरी आळ यायचा. मोबाइल भरताना सगळीकडे दहाच अंक घ्या, पुढे ९१ नको, मध्ये जागा नको.

कुपवाड_एमआयडीसी

नवरा-बायकोची दोन दुकानं असतील तर पॅन वेगळे, खाती वेगळी, मोबाइलही वेगळे देतील. तुमची सूत्रं गपगार.

फाइलवाला_काका

हे मात्र खरं. तिथे कागद हातात घेऊन बघायला लागतं. दोन्ही अर्ज एकाच हस्ताक्षरात, एकाच पानावर तीच खाडाखोड. सीएचे दोन्ही दाखले एकाच दिवसाचे. आरईजी-०६ वरचा पत्ता 'दुकान नं. ३' आणि 'दुकान नं. ३ अ'. जुन्या कोटेशनांत एकसारखी शुद्धलेखनाची चूक, किंवा तिन्ही दरांत एकसारखं अंतर: पहिल्याचा दर १००, दुसऱ्याचा सगळीकडे १०४, तिसऱ्याचा १०७. भांडार, तुमच्याकडे गेल्या दोन वर्षांची कोटेशनं आहेतच. वस्तूवार भागाकार करून बघा. खऱ्या स्पर्धेत एका वस्तूत एक स्वस्त, दुसरीत दुसरा, असं होतं. गुणोत्तर सगळ्या वस्तूंना सारखंच आलं तर तिन्ही कोटेशनं एकाच टेबलावर तयार झाली.

गणपती_पेठ

पण नातं असणं हा गुन्हा नाही ना? इथे पेठेत भाऊभाऊ वेगळे होऊन शेजारीशेजारी दुकानं चालवतात, एकमेकांशी बोलतही नाहीत. त्यांना बाद करणार?

फाइलवाला_काका

बाद करू नका. दोघांनाही यादीत घ्या, पण एका चौकशीत दोघांपैकी एकाचंच कोटेशन मोजायचं, असं नियमात लिहा. नातं लपवलं तर मात्र दोघंही बाहेर.

सनदी_लेखा

माझं मत वेगळं. एकच मोजायचं तर कुणाचं? स्वस्त असेल त्याचं म्हणाल, तर त्या दोघांना आपसात ठरवायला मोकळीक मिळते. मालकी किंवा नियंत्रण सारखं असेल तर एकच अर्ज घ्यावा, नुसतं नातं असेल तर दोन्ही स्वतंत्र धरावेत.

फाइलवाला_काका

नियंत्रण सिद्ध कोण करणार, भांडारपाल? त्याच्याकडे रद्द केलेला धनादेश आहे, चौकशी समिती नाही. राहू दे, इथे आपलं जुळणार नाही.

कुपवाड_एमआयडीसी

नोंदणी शुल्क तरी ठेवा. २,००० नको तर ५०० ठेवा. नाही तर कुणीही अर्ज टाकतो आणि छाननीला महिना जातो.

रसायनशाळा

५०० नं हौशी थांबतील, पण पंखे दुरुस्त करणाराही थांबेल. दुरुस्तीला शुल्क नको.

भांडार_विश्रामबाग

शुल्काचं संचालकांवर सोडतो. बाकी मसुदा असा झालाय, नजर टाका.

रसायनं आणि काचसामान: तीन वर्षांची सरासरी उलाढाल १० लाख, विवरणपत्रांच्या पोचपावत्या आणि यूडीआयएनसह सीएचा दाखला, जीएसटी सक्रिय, शॉप अ‍ॅक्ट नोंदणी किंवा सूचनेची पावती, निदान एका उत्पादकाचं पत्र, दर एप्रिलमध्ये नवं, तीन बिलं आणि त्यांचे पैसे जमा झाल्याची नोंद. स्पिरिट आणि अल्कोहोल वगळून. स्टेशनरी: उलाढाल ३ लाख, पत्राची अट नाही. विजेचं सामान: उलाढाल ५ लाख. दुरुस्ती: उलाढाल नाही, जीएसटी असल्यास, निरोप मिळाल्यापासून चार तासांत माणूस पाठवण्याची लेखी हमी. अर्जाला २१ दिवस. यादी दोन वर्षं, पण मध्ये नवा अर्ज आला तर दर तिमाहीला छाननी.

फाइलवाला_काका

तिमाही छाननी ठेवलीत हे उत्तम. दोन वर्षं दार बंद केलं की आतले आपसात जुळवून घेतात. केंद्राच्या नियमातही नवा पुरवठादार कधीही विचारात घेता येतो.

दुरुस्तीचे चार तास मात्र पात्रतेतून काढा आणि पुरवठ्याच्या अटींत टाका. मघाशी रसायनशाळेला हेच सांगितलं होतं. हमी कुणीही लिहून देतो, अर्जाच्या दिवशी ती तपासता येत नाही. त्याऐवजी दुकान सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत असावं असं लिहा, ते जाऊन बघता येतं.

गणपती_पेठ

गोदाम बघायला येणार का कुणी? आमचं आता पुराच्या पाण्यापासून लांब आहे, आवर्जून या.

भांडार_विश्रामबाग

रसायनांच्या गटात प्रत्येक अर्जदाराकडे जाणार आहे. जाताना आरईजी-०६ ची प्रत सोबत घेतो. आरईजी-१४ ची पोच जोडायला विसरू नका.

आणि काका, ती जुनी कोटेशनं काल काढली. जूनची आठ वस्तूंची यादी होती. दुसऱ्या दुकानाचा दर आठही वस्तूंना पहिल्याच्या १.०५ पट. तिसऱ्याचा सात वस्तूंना १.०८ पट आणि एका वस्तूला १.८. दशांशाच्या पुढचं शून्य टाकायला विसरले असावेत.